मिठाईवाल्याला लिहिलेला मेल

समजा, नाशिकच्या एका मिठाईच्या दुकानाबद्दल तीन गिऱ्हाइकांनी गूगलवर तक्रार केली आहे: दिवाळीत ऑर्डरसाठी फोन केला, पण कुणी उचललाच नाही. दुकानांचे फोन घेऊन ऑर्डरी नोंदवणारी एक छोटी कंपनी या मालकाला गिऱ्हाईक करू पाहते. ओळख नाही, कुणाची शिफारस नाही. हातात आहे तो एक ईमेल.

असे बहुतेक मेल ‘आमची कंपनी गेली अनेक वर्षे’ अशी सुरुवात करतात आणि तिथेच संपतात. मोबाइलवर मेल उघडण्याआधी पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्द एवढेच दिसतात. ती मोक्याची जागा कंपनीच्या कौतुकात गेली, तर काउंटर सांभाळणारा मालक पुढे कशाला वाचेल? म्हणून हा मेल असा लिहावा:

विषय: दिवाळीत न उचललेले फोन

‘नमस्कार. दिवाळीत ऑर्डरसाठी केलेला फोन उचलला गेला नाही, असे तीन जणांनी गूगलवर आपल्या दुकानाबद्दल लिहिले आहे. ऐन गर्दीत फोनसाठी वेगळा माणूस ठेवणे अवघडच. अशा वेळी तुमचे फोन आम्ही घेतो आणि ऑर्डर लिहून लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. मंगळवारी दुपारी 3 वाजता दहा मिनिटे फोन करू का? चालत असेल तर नुसते “हो” कळवा.’

खाली पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि ‘पुन्हा मेल नको असल्यास कळवा’ ही ओळ.

यातली अडचण मालकाच्या दुकानातली आहे आणि ती त्याला स्वतःला पडताळून पाहता येते. ‘तुमचे लाखोंचे नुकसान होते आहे’ असे लिहिले असते, तर तो आकडा आला कुठून, हा पहिला प्रश्न पडला असता. दुसरे वाक्यही महत्त्वाचे आहे. ते नसते तर मेल दुकानाची चूक काढणारा वाटला असता. त्या वाक्यामुळे लिहिणाऱ्याला दुकानातली गर्दी कळते, हे मालकाला जाणवते.

मागणी एकच, तीही दुपारच्या निवांत वेळेची. याच मेलमध्ये माहितीपत्रक, व्हिडिओची लिंक आणि डेमोचे आमंत्रण कोंबले, की आधी काय करायचे हे मालकाला ठरवावे लागते. मग ‘रात्री बघू’ म्हणून मेल बाजूला पडतो. दराचा तपशील फोनवर सांगता येतो.

मेल जमला की नाही, हे उत्तरांवरून ओळखावे. तो किती जणांनी उघडला, या आकड्यावर विसंबून चालत नाही. 2021 पासून अॅपलच्या मेल अॅपमध्ये गोपनीयतेची एक सोय आहे. ती सुरू असेल तर मेलमधली चित्रे वाचकाने मेल न उघडताही आधीच उतरवली जातात आणि मेल ‘वाचला’ अशी नोंद होते. शिवाय हाच मजकूर नाव बदलून शेकडो दुकानांना धाडता येत नाही. प्रत्येक दुकानाचे अभिप्राय आधी वाचावेच लागतात. ज्या दुकानाबद्दल अशी तक्रारच सापडत नाही, त्याला हा मेल पाठवू नये.