बाटलीतले बुडबुडे

बावीस वर्षांचा उंच, शिडशिडीत मुलगा. बसल्या जागी छातीत उजवीकडे चमक निघाली, खोल श्वास घेववेना. एक्स-रेत दिसलं की फुप्फुस आक्रसलंय आणि त्याच्याभोवती हवा साचलीय. फुप्फुसाच्या टोकाशी पातळ फोड असतात, त्यातला एखादा फुटला की असं होतं. उंच, किडकिडीत तरुणांत, त्यातही सिगारेट ओढणाऱ्यांत, हे जास्त आढळतं.

पूर्वी हवा किती सेंटीमीटर आहे ते मोजून निर्णय होई. आता आधी माणसाकडे बघतात. या मुलाला धाप नाही, तो चालतो, बोलतो. मग हवा बरीच दिसली तरी हात न लावता लक्ष ठेवता येतं. हवा हळूहळू रक्तात शोषली जाते; त्याला काही आठवडे लागतात. धाप असेल तर सुईवाटे हवा ओढून घेतात. पण अडीच लिटर काढूनही ती संपेना, तर छिद्र अजून उघडं आहे असं समजून नळी घालतात.

हेच जुन्या टीबीने किंवा दम्याच्या विकाराने फुप्फुस झिजलेल्या आजोबांना झालं, तर थोडी हवाही जड जाते. त्यांना दाखल करावंच लागतं आणि बहुधा नळीही लागते. अपघातात बरगडी घुसून हवा शिरते, तो प्रकार वेगळा. सगळ्यांत घातक म्हणजे हवा आत जाते पण बाहेर येत नाही: दाब वाढून हृदयाकडे येणारं रक्त अडतं, रक्तदाब कोसळतो. तेव्हा एक्स-रेची वाट बघत नाहीत, आधी सुई टोचतात.

नळी काखेखाली, बरगड्यांच्या मधून घालतात. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात साधारण दोन सेंटीमीटर बुडालेलं असतं. हवा बाहेर पडते, पण पाण्यामुळे परत आत ओढली जात नाही. म्हणून बाटली कायम छातीच्या खाली हवी. रुग्णाला हलवताना कोणी ती पलंगावर ठेवली, तर पाणी उलट छातीकडे जाऊ शकतं.

नातेवाईकांनी बघायचं ते एवढंच: श्वासागणिक नळीतलं पाणी वरखाली होतं का? थांबलं, तर नळी मुडपली असेल, तुंबली असेल किंवा फुप्फुस पूर्ण फुललं असेल, नर्सला बोलवा. बुडबुडे येतात तोवर आतून हवा सुटतेय. अशा वेळी एक्स-रेला नेताना नळीला चिमटा लावायची सवय काही ठिकाणी दिसते, आणि ती वाईट आहे. वाट बंद झाली की हवा आत कोंडते. नळी छातीतून निसटलीच, तर जागेवर जाड गॉज दाबून धरा आणि ओरडून मदत मागा.

बुडबुडे थांबले आणि एक्स-रेत फुप्फुस भिंतीला टेकलेलं दिसलं की नळी काढतात. विमानप्रवास त्यानंतर किमान आठवडाभर टाळायचा. स्कूबा डायव्हिंग मात्र कायमचं बंद, कायमस्वरूपी शस्त्रक्रिया झाली असेल तरच त्याचा पुन्हा विचार होतो.