चाकावर पहिलं बोळकं : कड्यात दोन दिवसांची मातीकाम कार्यशाळा

येत्या शनिवार-रविवारी, सकाळी ९ ते १२. चाकं दोनच, म्हणून जागा फक्त १२. फी ५०० रुपये. त्यात चाळून भिजवलेली माती, थापी, कापायचा दोरा, भाजणी सगळं आलं. घरून जुने कपडे घालून या.

शनिवारी माती मळून हाताने पणत्या, रविवारी चाकावर बोळकं. पणत्या कच्च्याच घरी न्या; सावलीत वाळवा, उन्हात तडकतात, पाण्यात विरघळतात. बोळकं मात्र आमच्याकडे राहील, कारण आत ओल राहिली तर ते आव्यात फुटतं. आठ-दहा दिवसांनी भाजलेलं घेऊन जा. टिचकी मारून बघा, खणखणीत वाजलं म्हणजे पक्कं भाजलं.

शुक्रवारपर्यंत मेसेज करून नाव नोंदवा.