हाडांना ओझं हवं असतं

पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या, रोज सकाळी पाऊण तास न चुकता चालणाऱ्या बाईच्या हातात डेक्सा स्कॅनचा रिपोर्ट येतो आणि कमरेच्या मणक्यांसमोर टी-स्कोअर उणे १.८ लिहिलेला असतो. तिला तो अन्याय वाटतो. "मी तर एवढी चालते," असं ती डॉक्टरांना म्हणते आणि ते खरंही असतं. चालण्याने तिचं हृदय, तिची साखर, तिची झोप सांभाळली गेली आहे. मणक्यांची घनता मात्र केवळ चालण्याने वाढत नाही, आणि हे आपल्याकडे बायकांना पुरेसं स्पष्ट सांगितलं जात नाही.

हाड ही जिवंत, सतत बदलत राहणारी गोष्ट आहे. काही पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कुरतडणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी जाते तेव्हा ते झपाट्याने कमी होतं आणि काढणं भरण्यापेक्षा जास्त होऊ लागतं. पाळी थांबण्याच्या आसपासच्या काही वर्षांत मणक्यांची घनता वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी घटू शकते. भारतात सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीच पाळी जाते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. आपल्या बायकांची ही घट तितकीच लवकर सुरू होते.

हाडाच्या आत रुतून बसलेल्या आणखी काही पेशी असतात. हाडावर भार आला की ते अगदी सूक्ष्म वाकतं, त्यातल्या बारीक नळ्यांमधला द्रव हलतो आणि ही हालचाल त्या पेशींना कळते. एरवी त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडून हाड बांधणाऱ्या पेशींना थोपवून धरतात. मोठा भार जाणवला की हे प्रथिन कमी होतं आणि बांधकाम सुरू होतं. (रोमोसोझुमॅब हे ठिसूळ हाडांवरचं इंजेक्शन याच प्रथिनाला अडवतं.) या पेशींची एक खोड आहे. सवयीच्या भाराला त्या दाद देत नाहीत. रोजचं चालणं, जिने, झाडलोट, भांडी हे सगळं हाडाच्या ओळखीचं झालेलं असतं. शिवाय एकच हालचाल शेकडो वेळा केली, तर पहिल्या काही डझनांनंतर त्या जवळजवळ बधिर होतात. म्हणून हाडासाठी भार नेहमीपेक्षा जड हवा, थोडाच वेळ हवा आणि मध्ये विश्रांती हवी. पोहणं आणि सायकल या बाबतीत फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्यात शरीराचं वजन हाडांवर नीट येतच नाही.

हे माणसांवर तपासून पाहणारा एक अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याचं नाव लिफ्टमोर. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया, सरासरी वय ६५. एका गटाला घरी करायचे हलके व्यायाम दिले. दुसऱ्या गटाला आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासासाठी, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वजनं उचलायला लावली. व्यायाम चारच होते. जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं, म्हणजे डेडलिफ्ट. खांद्यावर बार घेऊन उठबस. बार डोक्यावर ढकलणं. आणि वरच्या दांड्याला धरून उडी मारून दणकन पायांवर उतरणं. वजनाचे तिन्ही प्रकार पाच पाच वेळा, असे पाच सेट. वजन किती? जेवढं एकदाच कसंबसं उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांहून जास्त.

आठ महिन्यांनी जड वजनं उचलणाऱ्यांच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली होती, हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली होती. खुब्याच्या हाडाच्या मानेपाशी पहिल्या गटाची ०.३ टक्के वाढ, दुसऱ्याची १.९ टक्के घट. दुखापत म्हणावी अशी एकच नोंद झाली, एका बाईच्या कमरेत किरकोळ लचक. साठी उलटलेल्या बाईने जड उचलू नये, हा आपला ठाम समज या आकड्यांपुढे टिकत नाही असं मला वाटतं.

पण त्या अभ्यासातलाही पहिला महिना फक्त शिकण्यात गेला होता, आणि आपण नेमका तोच गाळतो. आपल्या त्या उणे १.८ वाल्या बाईंनी डेडलिफ्ट शिकायची ठरवली, तर सुरुवात वजनाशिवाय होते. एक लांब काठी पाठीला लावायची, ती डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. मग गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे ढकलायचे. वाकायचं ते खुब्यातून. काठी पाठीवरून सुटली, तर पाठीला बाक आला असं समजायचं. हे अंगवळणी पडल्यावर आठ-दहा किलो. पाच वेळा उचलून आरामात गप्पा मारता येत असतील, तर पुढच्या आठवड्यात दोन-अडीच किलो जास्त. समजा काही महिन्यांनी त्या एकदाच चाळीस किलो उचलू शकल्या, तर त्यांचं सरावाचं वजन चौतीस किलो होईल. ओळखायची खूण सोपी आहे: पाचव्या वेळेनंतर आणखी एखाद-दुसरी वेळ जमेल, पण दहा जमत असतील तर ते वजन हाडासाठी हलकं आहे. उचलताना श्वास कोंडायचा नाही.

पाठीच्या बाकाबद्दल एवढं बोलायचं कारण आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मणक्यांची हाडं ठिसूळ झालेल्या ज्या बायकांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले, त्यांच्यापैकी ८९ टक्के जणींचे मणके पुढे आणखी दबले. पाठ मागे ताणणाऱ्या व्यायामांच्या गटात हे प्रमाण १६ टक्के होतं. म्हणून निदान ऑस्टिओपोरोसिसचं असेल, म्हणजे टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर पश्चिमोत्तानासन किंवा सूर्यनमस्कारातलं पाठ गोल करून खाली वाकणं आधी विचारल्याशिवाय करू नये. उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरने कमी झाली असेल, तर मणका आधीच दबलेला असू शकतो. अशा वेळी आधी एक्स-रे, मग वजनं. रक्तदाब आटोक्यात नसला, तर तो आधी आटोक्यात आणायचा. आणि डॉक्टरांनी गोळ्या किंवा इंजेक्शन सांगितलं असेल, तर व्यायाम सुरू केला म्हणून ते बंद करायचं नाही. ही दोन्ही कामं वेगवेगळी आहेत.

निकालाची घाईही नको. हाडाचा एक तुकडा कुरतडून पुन्हा भरायला चार ते सहा महिने लागतात, आणि डेक्साच्या मोजणीतच एक-दोन टक्क्यांचा फरक पडू शकतो. तीन महिन्यांनी स्कॅन करून निराश होण्यात अर्थ नाही. वर्ष-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर करावा. तोवर बाहूंत आणि मांड्यांत आलेला जोर मात्र लवकर कळतो. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येऊ लागतं, तोल सावरता येतो. पडणंच कमी होतं, आणि खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर्स पडल्यामुळेच होतात.

चालणं सोडू नका. आठवड्यातले दोन अर्धे तास मात्र त्यातून बाजूला काढा, आणि पाठीचा बाक पाहता येणारा फिजिओथेरपिस्ट किंवा प्रशिक्षक गाठून पहिला महिना त्याच्यासमोरच वजनं उचला.