फ्रँचायझी शुल्क दोन लाख. मग चहाचे कप किती?

पुण्याच्या अमृततुल्य चहाला मोठा इतिहास आहे. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पितळी भांडी, कुटलेली वेलची आणि खळखळून उकळलेलं दूध यांवर ही दुकानं उभी केली. प्रत्येक दुकान त्या कुटुंबाचं असायचं आणि मालक स्वतः भांड्यापाशी बसायचा. गेल्या काही वर्षांत मात्र चहाच्या दुकानांच्या साखळ्या झाल्या. पुण्यात येवले अमृततुल्यचं नाव झालं, तर २०१६ मध्ये इंदूरमध्ये सुरू झालेला ‘चाय सुट्टा बार’ कुल्हडातला चहा घेऊन देशभर पसरला. त्यांच्या पाठोपाठ लहान-मोठ्या अनेक साखळ्या आल्या आणि तालुक्याच्या गावातल्या तरुणाच्या फोनवर जाहिराती येऊ लागल्या: कमी गुंतवणूक, रॉयल्टी नाही, पूर्ण सहकार्य.

ही जाहिरात वाचून चौकशी करणारा बहुतेक वेळा घरची बचत किंवा सोन्यावर काढलेलं कर्ज घेऊन येतो. त्याला काय सांगितलं जातं आणि काय सांगायचं राहून जातं, यावर त्याची पुढची दोन-तीन वर्षं अवलंबून असतात. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला करार किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी सविस्तर माहितीपत्रक द्यावं लागतं. भारतात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांच्या आधारेच सगळं चालतं. त्यामुळे कागदावर जे लिहिलं नाही, ते नंतर मागता येणं अवघड होतं.

काळजीपूर्वक लिहिलेली माहिती कशी असावी, याचं चांगलं उदाहरण चहातलं नाही, दुधातलं आहे. अमूलने आपल्या विक्रीकेंद्रांसाठी दिलेल्या माहितीत दुकानाला किती जागा लागते, सजावटीला आणि उपकरणांना साधारण किती खर्च येतो हे वेगवेगळं सांगितलेलं असतं. पिशवीतल्या दुधावर किती टक्के सुटतात आणि आइस्क्रीमवर किती, हेही असतं. शिवाय अमूलच्या नावाने ऑनलाइन पैसे मागणाऱ्या बनावट संकेतस्थळांपासून सावध राहण्याची सूचनाही असते. वाढत्या चहाच्या साखळीने निदान एवढं तरी लिहायलाच हवं.

आता चहाचा हिशेब मांडून पाहू. हे आकडे कोणत्या कंपनीचे नाहीत. मध्यम गावातलं दुकान डोळ्यांसमोर ठेवून ते घेतले आहेत. दहा रुपयांचा ७० मिलिलिटरचा कप धरला, तर एक लिटर दुधात पाणी घालून, उकळताना होणारी घट वजा जाता वीसेक कप निघतात. दूध, चहापत्ती, साखर, मसाला, गॅस आणि कागदी कप मिळून एका कपाला पाचेक रुपये लागतात, म्हणजे पाच रुपये हाती राहतात. दिवसाला ४०० कप खपले, तर महिन्याला हे साठ हजार होतात. ऐकायला रक्कम बरी वाटते.

पण दुकानाचं भाडं वीस हजार, दोन कामगारांचे मिळून तीस हजार, वीज आणि किरकोळ खर्च चार हजार. कंपनीची रॉयल्टी विक्रीच्या पाच टक्के असेल, तर सहा हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ७,०८० रुपये. एकूण खर्च एकसष्ट हजारांवर जातो. म्हणजे दिवसभर चारशे लोकांना चहा पाजूनही मालक हजारभर रुपयांनी तोट्यात असतो आणि त्याचा स्वतःचा पगार तर यात धरलेलाच नाही.

आता तेवढ्याच भाड्यात आणि कामगारांत ६०० कप खपवू. हाती नव्वद हजार राहतात, पण विक्री वर्षाला एकवीस लाख साठ हजार होते. अशा सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वीस लाखांची आहे, म्हणून पाच टक्के कर सुरू होतो. गिऱ्हाइकाला कप दहा रुपयांनाच द्यायचा, तर महिन्याचे साडेआठ हजार त्याच दहातून जातात आणि रॉयल्टीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. सगळं वजा जाता सतरा हजारांच्या आसपास उरतात. दोन लाख शुल्क आणि चार लाख सजावट, उपकरणं धरून गुंतवणूक सहा लाख झाली असेल, तर ती परत यायला जवळपास तीन वर्षं लागतात. ‘सहा महिन्यांत पैसे वसूल’ असं लिहिणाऱ्याला म्हणूनच पहिला प्रश्न विचारायचा: रोजचे किती कप धरून?

आणि तो आकडा तपासायचा कसा? चालू शाखेच्या मालकाकडे दुधाचं बिल मागावं. वर मांडलेल्या हिशेबाने ६०० कपांना तीस लिटर दूध लागतं. कोणी हजार कप सांगत असेल आणि सकाळी दुकानात तीस लिटरच दूध उतरत असेल, तर उत्तर तिथेच मिळतं. शाखा कंपनीने दाखवलेली नको, स्वतः निवडलेली हवी. शक्य असेल तर बंद पडलेल्या एखाद्या शाखेच्या मालकाशीही बोलावं.

‘रॉयल्टी नाही’ हे शब्द सर्वांत जास्त भुरळ घालतात. कंपनीला कुठून तरी कमवावंच लागतं, आणि ते गैर नाही. बहुतेक वेळा ती कमाई चहापत्ती आणि मसाल्याच्या तयार मिश्रणातून होते, कारण ते कंपनीकडूनच घ्यायची अट असते. बाजारात पाचशे रुपये किलोने मिळणारा माल कंपनी सातशेला देत असेल, तर वीस कपांना लागणाऱ्या पस्तीस ग्रॅममागे सात रुपये जास्त जातात. कपामागे फक्त पस्तीस पैसे. पण दिवसाला ६०० कपांच्या दुकानात महिन्याला ते ६,३०० रुपये होतात. चांगली साखळी मालाचा भाव आणि तो वाढवण्याचा नियम आधीच लिहून देते.

‘पूर्ण सहकार्य’ या शब्दांची फोडही अशीच करून घ्यावी लागते. प्रशिक्षण किती दिवस आणि कोणाच्या दुकानात? चहा बनवणारा कारागीर कंपनी देते की फक्त शिकवते? सणाच्या तोंडावर तो गावी गेला आणि परत आलाच नाही, तर बदली माणूस किती दिवसांत येईल आणि त्याचा पगार कोण देईल? चहाच्या धंद्यात दुकान बंद पडण्याची वेळ बहुधा अशाच एखाद्या सकाळी येते. म्हणून हे उत्तर तोंडी घेऊ नये.

परिसराच्या हक्काचंही तसंच. ‘एक किलोमीटरच्या आत दुसरी शाखा नाही’ एवढं पुरत नाही. हे अंतर रस्त्याने मोजायचं की सरळ रेषेत, तेही करारात हवं. बसस्थानकाच्या दोन दारांवर दोन शाखा झाल्या, तर गिऱ्हाईक तेवढंच राहतं आणि दोघांत वाटलं जातं. महाराष्ट्रात जागेचा भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि जागा तीनच वर्षांची असेल, तर चौथ्या वर्षी घरमालकाच्या मर्जीवर दुकान उभं राहतं.

पैसे भरण्याआधी आणखी एक काम घरी बसून होतं. कंपनीचं नाव आणि चिन्ह नोंदलेलं आहे का, हे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतं. चहाच्या मालासाठी वर्ग ३० आणि चहाच्या दुकानासाठी वर्ग ४३ पाहावा. नुसता अर्ज केलेला असेल किंवा दुसऱ्याच कोणाची हरकत आलेली असेल, तर दोन लाखांत घेतलेलं नाव उद्या फलकावरून उतरवावं लागू शकतं. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच जावेत, एखाद्या व्यक्तीच्या नाही. फसवणूक झाल्याचं लक्षात आलं, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता असते.