दोन वेबकॅम आणि अंतराचा हिशेब

समोरची खुर्ची किती लांब आहे, हे एका कॅमेऱ्याच्या एका चित्रावरून नेमकं मोजणं अवघड असतं. म्हणून स्वस्तातला रोबो बांधणारे अनेकजण दोन साधे वेबकॅम एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी घट्ट बसवतात. डाव्या चित्रातली खुर्ची उजव्या चित्रात थोडी सरकलेली दिसते. हे सरकणं जवळच्या वस्तूचं जास्त, लांबच्या वस्तूचं कमी. त्याला डिस्पॅरिटी म्हणतात.

समजा, कॅमेऱ्यांमध्ये ६ सेंटिमीटर अंतर आहे आणि त्यांची फोकल लेंग्थ ५५० पिक्सेल आहे. दोहोंचा गुणाकार ३३ मीटर-पिक्सेल. त्याला डिस्पॅरिटीने भागलं की अंतर मिळतं: ३३ पिक्सेल सरकलेली वस्तू एका मीटरवर, ११ पिक्सेल सरकलेली तीन मीटरवर. मोजण्यात एका पिक्सेलची चूक झाली, तर एका मीटरवर फरक जेमतेम तीन सेंटिमीटरचा पडतो. तीन मीटरवर मात्र तो तीस सेंटिमीटरच्या घरात जातो.

हा हिशेब जुळायला आधी कॅलिब्रेशन लागतं. बुद्धिबळाच्या पटासारखी छापील नक्षी सपाट पुठ्ठ्यावर चिकटवून, ती तिरकी-वाकडी, जवळ-लांब धरून दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फोटो घ्यायचे. त्यावरून ओपनसीव्हीचं `stereoCalibrate` दोन्ही कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि कोन काढतं. मग `stereoRectify` दोन्ही चित्रं अशी वळवण्याचं गणित काढतं, की एकाच वस्तूचे ठिपके दोन्हींत एकाच आडव्या ओळीत येतात.

चुकीचं मूळ अनेकदा प्रिंटरमध्ये असतं. २५ मिलिमीटरचा चौकोन पानावर बसवताना २४ चा छापला गेला आणि प्रोग्रॅमला २५ च सांगितलं, तर सगळी अंतरं चार टक्क्यांनी फुगतात. चित्र मात्र सुबकच दिसतं! म्हणून छापलेला चौकोन पट्टीने मोजावा आणि निकालात आलेलं कॅमेऱ्यांमधलं अंतरही प्रत्यक्षाशी ताडून पाहावं. वळवलेल्या चित्रांवर आडव्या रेघा मारल्या, की ठिपके वर-खाली झालेत का तेही लगेच कळतं. ऑटोफोकस बंद ठेवावा लागतो, कारण फोकस हलला की फोकल लेंग्थही बदलते.

त्यानंतर `StereoSGBM` ठिपक्यांच्या जोड्या लावतं.

```python
d = stereo.compute(left, right).astype(np.float32) / 16.0
```

हा १६ चा भागाकार विसरला, तर अंतरं सोळापट कमी येतात. `numDisparities` ६४ ठेवलं, तर सुमारे ५२ सेंटिमीटरच्या आतल्या वस्तूची खरी जोडीच लागत नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवरही जोड्या लागत नाहीत, कारण तिथला प्रत्येक तुकडा शेजारच्यासारखाच दिसतो. जोडी न लागलेल्या पिक्सेलला, सुरुवातीची डिस्पॅरिटी शून्य ठेवली असेल तर, उणे एक मिळतो. अशी जागा ‘मोकळी’ न धरता ‘अज्ञात’ धरावी लागते आणि तिथला अडथळा हेरायला समोर अल्ट्रासॉनिक सेन्सर लावावा लागतो.