ऑडिओबुक की छापील पुस्तक? अभ्यास, कथा आणि कौशल्यासाठी काय निवडाल?

ऑडिओबुक ऐकणं म्हणजे वाचनच का? उत्तर पुस्तक कोणतं आहे यावर ठरतं. दोन प्रयोग पाहिले की हे लक्षात येतं.

२०१० साली डॅनियल आणि वुडी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाच विषयाचा मजकूर एका गटाने वाचला, दुसऱ्याने पॉडकास्टवर ऐकला. नंतरच्या चाचणीत वाचणाऱ्यांना सरासरी ८१ टक्के, तर ऐकणाऱ्यांना ५९ टक्के गुण मिळाले. २०१६ मधल्या दुसऱ्या प्रयोगात मात्र मजकूर होता 'अनब्रोकन' या गोष्टीसारख्या सांगितलेल्या सत्यकथेचा. तिथे वाचणारे आणि ऐकणारे जवळपास सारखेच निघाले, दोन आठवड्यांनंतरही.

असं का होतं?

वाचताना अडलं की डोळे आपोआप मागच्या ओळीवर जातात. आपल्याला ते कळतही नाही. ऑडिओ मात्र पुढे चालतच राहतो. गोष्टीत एखादं वाक्य निसटलं तरी पुढच्या प्रसंगावरून सांधा जुळतो. अभ्यासात तसं होत नाही.

स्पर्धा परीक्षेतलं उदाहरण घ्या. कलम ३५२ (राष्ट्रीय आणीबाणी): संसदेची मंजुरी १ महिन्यात, विशेष बहुमताने. कलम ३५६ (राष्ट्रपती राजवट) आणि ३६० (आर्थिक आणीबाणी): मंजुरी २ महिन्यांत, साध्या बहुमताने. हे कानावर पडलं तर तिसऱ्या कलमापर्यंत पहिल्याचे आकडे गळून जातात. कागदावर तीन ओळींचा तक्ता केला की फरक एका नजरेत दिसतो.

मग कशासाठी काय?

अभ्यास: आधी छापील पुस्तक, हातात पेन्सिल. तेच प्रकरण उजळणीसाठी प्रवासात ऐका.

कथा-कादंबरी: ऑडिओ बिनधास्त ऐका. चांगला वाचक असेल तर संवादातला बोलीचा हेलही ऐकू येतो. पात्रं खूप असतील तर सुरुवातीला नावं लिहून ठेवा.

कौशल्य: इथे कौशल्य कोणतं ते बघा. इंग्रजी बोलायला शिकताना उच्चार कानानेच येतात. एक वाक्य ऐका, थांबवा, मोठ्याने म्हणा, पुन्हा ऐकून ताडून पाहा. एक्सेलचं सूत्र शिकायचं असेल तर मात्र कंस आणि स्वल्पविराम दिसायलाच हवेत. तिथे पुस्तक उघडं ठेवून हात चालवा.

आपल्याला कितपत समजतंय, हे कसं ओळखायचं?

दहा मिनिटं ऐका, बंद करा आणि तीन मुद्दे लिहा. लिहिता आले नाहीत तर आधी वेग १.५ वरून १ वर आणा आणि स्वयंपाक किंवा ड्रायव्हिंग चालू नसताना तोच भाग पुन्हा ऐका. तरीही जमलं नाही, तर ते पुस्तक कागदावर वाचायचं आहे असं समजा.