‘गोड बातमी’ची चौकशी आणि तिला द्यायचं उत्तर

लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन गेली आणि घरात मूल नसलं, की नातेवाइकांच्या प्रत्येक मेळाव्यात एक चौकशी ठरलेली असते. कुणी ‘गोड बातमी कधी?’ असं विचारतं, कुणी ‘पाळणा कधी हलणार?’ असं. थोड्या जवळच्या बायका स्वयंपाकघरात बाजूला घेऊन ‘डॉक्टरांना दाखवलंत का?’ इथपर्यंत जातात. वजनावरची आणि नोकरीवरची टिप्पणीही याच मेळाव्यांत होते, पण मुलाबद्दलच्या चौकशीत एक वेगळी अडचण आहे. तिचं खरं उत्तर बहुतेक वेळा चारचौघांत सांगण्यासारखं नसतं आणि खोटं उत्तर फार काळ टिकत नाही.

ही चौकशी सणासमारंभांत वाढते, कारण आपले अनेक समारंभ मुळात संततीभोवतीच उभे आहेत. डोहाळजेवण आणि बारसं उघडच तसे आहेत. हळदीकुंकवात ओटी भरली जाते, लग्नात नव्या सुनेची ओटी भरली जाते, गौरीच्या दुसऱ्या दिवशी सवाष्णी जेवायला बसतात. त्या विधींत मुलाबाळांचा आशीर्वाद अनुस्यूत असल्यामुळे विचारणाऱ्या मावशीला किंवा आत्येला आपण कुणाच्या खासगी आयुष्यात शिरतो आहोत असं वाटतच नाही. तिच्या दृष्टीने तो जिव्हाळा असतो आणि अनेकदा तो खराही असतो. म्हणूनच तिला अपमानास्पद उत्तर देऊन भागत नाही. त्याचबरोबर, हेतू चांगला आहे एवढ्यामुळे ऐकणाऱ्याची वेदना कमी होते असंही नाही.

त्या प्रश्नामागे काय दडलेलं असू शकतं, हे विचारणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार जगातल्या साधारण सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. कोणतंही गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवूनही बारा महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणतं. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा स्त्रीकडच्या कारणाबरोबर, असतं. तरीही प्रश्न मात्र बाईलाच विचारला जातो. काही ठिकाणी गर्भ राहून पडून गेलेला असतो आणि ते आईवडिलांनाही सांगितलेलं नसतं. काही जोडप्यांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला असतो. बाहेरून ही सगळी घरं सारखीच दिसतात.

अशा वेळी बहुतेक जण जी चूक करतात, ती म्हणजे कारण सांगणं. ‘सध्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत’ असं म्हटलं, की ‘आमच्या वेळी चाळीत पाच मुलं वाढली’ हे ऐकावं लागतं. ‘प्रमोशननंतर बघू’ म्हटलं, तर मुलाचा प्रश्न करिअरच्या प्रश्नाला जोडला जातो आणि ‘एवढं कमावून करायचं काय?’ अशी दुसरी सरबत्ती सुरू होते. ‘ट्रीटमेंट चालू आहे’ म्हटलं, तर कुठला डॉक्टर, किती खर्च, दोष कुणात, आणि मग अमक्या देवाचा नवस, तमक्या वैद्याचा काढा. कारण दिलं की ते खोडून काढता येतं, त्यावर सल्लाही देता येतो. ‘पुढच्या वर्षी’ हे उत्तर तर सर्वांत महाग पडतं, कारण पुढच्या वर्षी त्याची आठवण करून दिली जाते.

मग सांगायचं काय? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅन्युएल स्मिथ यांनी १९७५ साली ठाम संवादावरच्या आपल्या पुस्तकात एक साधी पद्धत मांडली होती. एक छोटं, सभ्य वाक्य ठरवायचं आणि समोरच्याने कितीही अंगांनी विचारलं तरी आवाज न चढवता, नवं कारण न जोडता, तेच वाक्य पुन्हा सांगायचं. मराठी घरात ही पद्धत जशीच्या तशी वापरली तर उद्धटपणा वाटू शकतो, म्हणून तिला दोन गोष्टींची जोड लागते: नात्याचं संबोधन आणि लगेच समोरच्याच्या आयुष्याकडे वळवलेलं बोलणं. ‘सांगण्यासारखं झालं की आम्हीच सांगू, आत्या. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं?’ या उत्तरात नकार आहे, मान आहे आणि खोडून काढायला एकही कारण नाही.

मात्र वाक्य कितीही चांगलं असलं, तरी ते सुनेनेच बोलायचं असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. सासरच्या गोतावळ्यात तिचा शब्द सर्वांत हलका असतो आणि ठाम बोलण्याची सर्वांत मोठी किंमत तीच मोजते. ज्याचे नातेवाईक, त्यानेच त्यांना थांबवायचं, हा नियम या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगी पडतो. आणि तो समारंभाच्या आधी अमलात आणायचा असतो, समारंभात नव्हे.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात नोकरी करणारं एक जोडपं गौरी-गणपतीला कोल्हापूरजवळच्या गावी जाणार आहे. त्यांचे आयव्हीएफचे उपचार चालू आहेत. रोजची इंजेक्शनं झाली, स्त्रीबीजं काढून झाली, प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडूनही झाला. आता साधारण दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी होईल आणि गर्भ रुजला की नाही ते कळेल. गौरीपूजन नेमकं त्या दोन आठवड्यांत आलं आहे. या काळात दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे पोट फुगल्यासारखं वाटतं, अंग जड होतं. म्हणजे तिला पाहताच कुणीतरी ‘अंगानं भरलीस गं’ म्हणणार आणि दुसरी कुणी त्या पोटाकडे बघून ‘काही विशेष?’ असं विचारणार. वजनावरचा शेरा आणि मुलाचा प्रश्न एका वाक्यात एकत्र येण्याची ही अगदी खरी वेळ आहे.

या जोडप्याने आधी आपापसात एक गोष्ट ठरवायला हवी: उपचारांबद्दल कुणाला किती सांगायचं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं की ते फोनवरून जुळवलं जातं आणि त्यातून तिसरीच कथा तयार होते. समजा, फक्त नवऱ्याच्या आईला सांगायचं असं ठरलं. मग सणाच्या आठवडाभर आधी त्याने एकट्याने फोन करून म्हणायचं: ‘आई, आमचे उपचार चालू आहेत. काय होतंय ते तुला मी सांगेन, पण बाकी कुणाला कळायला नको. आत्या किंवा काकूंनी हिला विचारलं, तर ‘पोरांना काही विचारू नका, मला विचारा’ एवढं तू म्हण.’ या फोनमुळे सासूला एक काम मिळतं आणि विश्वासात घेतल्याचा मानही. घरातल्या मोठ्या बाईने असं एकदा म्हटलं, की धाकटीने दहादा म्हणण्याची गरज उरत नाही. सासूकडून ही अपेक्षा करता येत नसेल, तर मोठी जाऊ, सासरे किंवा आजी यांपैकी कुणालातरी आधी गाठावं. एक वडीलधारं माणूस बाजूला असणं पुरेसं असतं.

पूजेच्या दिवशी सुनेने कुठे थांबायचं, हेही ठरवून ठेवता येतं. असे प्रश्न बहुधा जेवणाआधी आणि जेवणानंतर, हाताला काम नसताना विचारले जातात. वाढायला उभं राहणाऱ्या किंवा मुलांना घेऊन आरास दाखवणाऱ्या बाईला कोपऱ्यात गाठणं अवघड असतं. रक्ताच्या तपासणीचा दिवस आणि मुक्कामाचा शेवटचा दिवस एकच येत असेल, तर परतण्याचं तिकीट आदल्या दिवशीचं काढावं. तो निकाल, चांगला असो वा वाईट, माणसांनी भरलेल्या घरात ऐकायची वेळ येऊ नये.

एवढं करूनही पहिल्या वर्षी चौकशी थांबेलच असं नाही. उलट ती काही काळ वाढते आणि इथेच बहुतेक जण हार मानतात. या वाढीमागचं कारण वर्तनाच्या अभ्यासातून चांगलं माहीत आहे. एखाद्या वागण्याला मिळणारा प्रतिसाद अचानक बंद झाला, की ते वागणं सुरुवातीला जोर धरतं आणि मग ओसरतं. एरवी गप्पांतून काहीतरी तपशील हाती लागायचा, तो मिळेनासा झाला, की आत्या जास्त खोदून विचारते, रुसते, ‘आम्ही परके झालो’ असं म्हणते. आणि या टप्प्यावर एकदाही कंटाळून खरं सांगून टाकलं, तर चिकाटीने विचारल्यावर उत्तर मिळतं हे पक्कं होतं. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. दर वेळी बक्षीस मिळणाऱ्या वागण्यापेक्षा अधूनमधून बक्षीस मिळणारं वागणं मोडायला जास्त कठीण जातं. म्हणून रुसवा आला तर रुसव्याची दखल घ्यावी, ‘परक्या कशा असाल, आत्या?’ असं मनापासून म्हणावं, पण माहिती देऊ नये.

वजनाच्या शेऱ्यांना हीच पद्धत लागू पडते, मात्र तिथे थोपवण्याचं आणखी एक कारण आहे. टोचून बोललं की माणूस वजनाकडे लक्ष देतो, असा समज आहे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत उलटं चित्र दिसलं. वजनावरून भेदभावाची वागणूक मिळालेले लोक चार वर्षांनी स्थूल झालेले असण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे अडीच पट होती. नोकरीबद्दलच्या प्रश्नाला एखादा खरा तपशील देऊन मोकळं होता येतं, कारण त्यात सहसा दुखरी जागा नसते. पण नोकरी गेलेल्या माणसाला हे लागू होत नाही. त्याच्यासाठीही आधीचा फोन आणि ठरलेलं वाक्य हेच साधन आहे.

काही घरांत मात्र गोष्ट चौकशीपुरती राहत नाही. मूल नाही म्हणून बारशाला बोलावलं जात नाही, ओटी भरताना वगळलं जातं, नवऱ्यापुढे दुसऱ्या लग्नाचा विषय काढला जातो. विधीतून वगळण्याला उत्तर बायकोने द्यायचं नसतं. ‘हिला बोलावणं नसेल तर मीही येणार नाही’ असं नवऱ्याने म्हणायचं असतं आणि खरोखर जायचं नसतं. रोजचे टोमणे सहन करावे लागत असतील, तर कायद्याचा आधार आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या तिसऱ्या कलमात शाब्दिक आणि भावनिक छळाची व्याख्या आहे. मूल नसण्यावरून किंवा मुलगा नसण्यावरून केलेला अपमान आणि उपहास तिच्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. हा कायदा एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या कुटुंबीयांच्या वागण्यासाठी आहे. लग्नात भेटलेल्या दूरच्या काकूच्या एका वाक्यावर तो लागू होत नाही. तक्रार घेऊन संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, १८१ या महिला हेल्पलाइनवर रस्ता विचारता येतो आणि मन फार खचलं असेल तर १४४१६ या टेलीमानसच्या क्रमांकावर समुपदेशकाशी मोफत बोलता येतं.